मालाला उठाव नव्हता

"मालाला उठाव..." उपासना बोलता बोलता थांबली, मागे बसलेल्या रवळू सरांकडे तिने चोरून पाहिलं आणि शब्द बदलला, "मागणी नव्हती. म्हणून कारखाने बंद पडले."

रवळू सरांनी मान खाली घातली. बेळगावातल्या एका ट्रस्टची ही तोंडी परीक्षा. दहावीनंतर पीयूसीची दोन वर्षं आणि हॉस्टेल, दोन्ही फुकट. जागा मात्र एकच. ती मिळाली नाही, तर उपासना निपाणीत आईशेजारी विड्या वळायला बसणार, हे सरांना ठाऊक होतं. परीक्षेला विषयशिक्षकाने हजर राहायचं, पण तोंड उघडायचं नाही, असा नियम होता.

त्या 'उठावा'चा किस्सा तीन आठवड्यांपूर्वीचा. महामंदीची कारणं लिहा, या प्रश्नाला उपासनाने लिहिलं होतं, 'मालाला उठाव नव्हता, त्यामुळे भाव पडले.' येळ्ळूरचे रवळू सर चोवीस वर्षं इतिहास शिकवत होते. उठाव म्हटला की त्यांना अठराशे सत्तावन्नचा एकच आठवायचा. त्यांनी पेपर भर वर्गात वाचला. "मालानं बंड केलं व्हय गं? तलवार घेऊन?" वर्ग लोळून हसला. वर लाल शाईत शेरा मारला, 'जर्मनीतली महागाई लिहिलीच नाही.' दहापैकी दोन!

"सर, मंदीत भाव पडत्यात न्हवं? मग महागाई कशी?" तिने विचारलं होतं.

"हा इतिहास हाय, तंबाखूचा बाजार न्हाय. बस खाली."

घरी जाऊन त्यांनी पुस्तक उघडलं आणि कानशिलं तापली. पाव घ्यायला पोतंभर नोटा लागत, ती महागाई एकोणीसशे तेवीसची, मंदी एकोणतीसची. ती नव्या चलनानं आटोक्यात आली होती. चोवीस वर्षं त्यांनी तीच महामंदीच्या गळ्यात बांधली होती. मुलगी बरोबर होती. पण वर्गात कबूल करायचं म्हणजे! आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. एवढा मोठा माणूस, पण जीभ काही उचलली नाही.

आता परीक्षक सुनयनाबाई विचारत होत्या, "आणि राजकीय परिणाम? अमेरिकेत काय झालं?"

"लोकांनी सरकार बदललं, पण मतदानानं. रुझवेल्ट आले. बँका सावरल्या, सरकारनं कामं काढली. इंग्लंडमध्ये मजूर पक्षाचं सरकार फुटलं, सगळ्या पक्षांचं मिळून झालं, आणि त्यांनी पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. जपानमध्ये रेशमाचे भाव कोसळले, शेतकरी पिचले, लष्कराचा जोर वाढला."

"छान. मग जर्मनीत हिटलर कशामुळे आला? महागाईमुळे की बेकारीमुळे?"

 उपासनाने पुन्हा सरांकडे पाहिलं. सरांच्या ओठांवर आलं होतं, अगं, बेकारी म्हण! नियम आडवा आला म्हणायचं; खरं तर लाज आडवी आली.

"महागाईमुळे," ती हळूच म्हणाली.

सुनयनाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

परतीच्या बसमध्ये सरांनी विचारलं, "तुला खरं उत्तर येत न्हवतं?"

"येतंय की, सर. अमेरिकेत शेअर बाजार कोसळला, त्यांनी जर्मनीला दिल्याली कर्जं परत मागितली. बँका बुडाल्या. सरकारनं पगार कापले, खर्च कापला, मग उठाव..." ती अडखळली. "मागणी आणखीनच मेली. साठ लाख मानसं बेकार. अठ्ठावीसला हिटलरच्या बारा जागा हुत्या, बत्तीसला दोनशे तीस झाल्या."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुमी बसला हुता न्हवं सर तितं. तुमाला खोटं कसं पाडू?"

सर खिडकीकडे तोंड करून बसले. वाटेतलं संकेश्वर कधी गेलं, त्यांना कळलंही नाही.

आठवड्याने यादी लागली. जागा खानापूरच्या एका मुलाला गेली. उपासना अर्ध्या गुणानं मागे.

त्याच संध्याकाळी सर तिचा पेपर घेऊन घरी गेले. तिची आई तानीबाई दारात विड्या वळत होती. तिने सूप बाजूला सारून जागा केली. "या सर, बसा. पोरीला बेळगावपत्तोर न्हेलासा, लई उपकार झालं."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत उपासना मांडीवर सूप घेऊन कात्रीने विडीची पानं कापत होती. बाहेर काय बोलणं होतंय, ते तिला ऐकू येत होतं.

"तानीबाई, एक विचारायचं हुतं. उठाव म्हंजे काय ओ?"

ती खळखळून हसली. "आत्ता! एवढं ठाव न्हाय व्हय? माल पडून ऱ्हायला, गिऱ्हाईक फिरकंना, की उठाव न्हाय म्हनायचं. निपानीत शेंबडं पोर सांगंल."

"मला न्हवतं ठाव," सर म्हणाले. त्यांनी पेपर उलगडला, लाल शाईतल्या दोनवर बोट ठेवलं. "तुमच्या पोरीनं हेच लिहिल्यालं. मी तिला वर्गात हसलो. माझंच चुकल्यालं, पर ते कबूल केलं न्हाय. तिची जागा माझ्यापायी गेली."

तानीबाईचं हसू ओसरलं. तिने पेपर हातात घेतला, उलटा, कारण वाचता येत नव्हतं. आत कात्रीचा आवाज थांबला होता.