नंबर बदललेले दावे

मनमोहन कोठाऱ्यांचा शेवटचा दिवस कसा गेला, असं पुढे कुणी विचारलं तर नलिनीला सांगण्यासारखं फारसं काही सापडत नसे. सकाळी त्यांनी बोंबलाच्या कालवणात कोकम कमी पडल्याची तक्रार केली. मग धोतराचा सोगा सावरत, मुलीला बरोबर घेऊन ते गिरगावातून दादरच्या ट्रामला निघाले. निवडणुका नुकत्याच उरकल्या होत्या. लालबागच्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणा ओल्या चुन्यासारख्या चकाकत होत्या आणि ट्राममध्ये दोन माणसं मुंबई कुणाची यावरून एकाच बाजूने भांडत होती. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "नले, दोघांचं एकमत आहे, तरी आवाज बघ. आपल्या गुप्त्यांशी आज असंच होणार."

रघुवीर गुप्ते म्हणजे अपरांत जनरल इन्शुरन्स कंपनीचे अ‍ॅक्च्युअरी. हयात आयुर्विम्यात घालवलेले. दादरच्या या कंपनीला ते तीन वर्षं बाहेरून सल्ला देत होते; गेल्या साली, छप्पनमध्ये, आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला आणि गुप्ते तिथून उठून इथेच कायमचे आले. कंपनीचे दावे किती निघतील, त्यातले किती फुकट जातील, किती पैसे बाजूला ठेवायचे, हे गणित त्यांचं. ते गणित पटतं की नाही हे तपासायचं काम 'कोठारे, राव आणि मंडळी' या ऑडिटर फर्मचं. मनमोहन कोठारे तिथले थोरले भागीदार, कमलाकांत राव धाकटे आणि दोन वर्षांपूर्वी परीक्षा पास झालेली नलिनी तिसरी.

मुद्दा दिसायला साधा होता. एकतीस डिसेंबरला कंपनीवर असे कितीतरी दावे असतात की अपघात होऊन गेलेला आहे, पैसे मात्र द्यायचे राहिलेत. त्यांच्यासाठी अंदाजाने रक्कम वेगळी काढावी लागते. ती कमी धरली तर नफा फुगतो, भागधारकांना लाभांश जातो आणि दाव्याची वेळ आली की तिजोरीत हात घालावा तर काही नसतं. माझगावच्या गोदीत माल चढवणाऱ्या ठेकेदारांनी आपल्या हमालांचा अपघाताचा विमा अपरांतमध्ये उतरवलेला होता आणि वाद या दाव्यांवरच होता. गुप्त्यांचं म्हणणं, शंभर दाव्यांतले पस्तीस काही न देताच बंद होतात, म्हणून तेवढी तरतूद कमी.

त्या दिवशी बाबांनी नेहमीची परीक्षा केली. मागच्या डिसेंबरला उभे असलेले दावे घेतले, प्रत्येकाचा क्लेम नंबर धरून वर्षभरात त्यावर किती पैसे गेले आणि किती अजून देणं आहे ते बघितलं, बेरीज केली. बाजूला ठेवलेली रक्कम पुरून थोडी उरत होती. त्याच्या आदल्या वर्षीही त्यांनी असंच केलं होतं आणि तेव्हाही रक्कम पुरली होती.

"दोन वर्षं जमतंय," बाबा म्हणाले. "गुप्त्यांचा आवाज मोठा असला तरी गणित वाईट नाही." त्यांनी हिरव्या पेन्सिलीने टिक केली, चहा मागवला, चहा आला तेव्हा छाती चोळली आणि कपबशी तशीच ठेवून टेबलावर डोकं टेकलं. नलिनीला वाटलं, दमलेत.

तेरावा उलटला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती परत कामावर गेली. शेजारच्या कमलाबाई जिन्यात म्हणाल्या, "अगं, लोक काय म्हणतील?" आई, यशोदाबाई, आतून म्हणाली, "म्हणू देत. ह्यांचं काम अर्धं राहिलंय." मग नलिनीच्या हातात डबा देत हळूच म्हणाली, "नीट कर गो. त्यांची शेवटची सही कुठे उणी पडायला नको."

काम अर्धं राहिलं होतं म्हणून नलिनीने ते पहिल्यापासून धरलं. बंद केलेल्या दाव्यांच्या फायली तिने मागवल्या. क्लेम खात्याचे मॅनेजर चिंतामणी नवलकर जाडजूड, बोलके गृहस्थ. त्यांनी त्या स्वतः आणून दिल्या. "डिसेंबरात आम्ही घर झाडतो, नलूताई. सहा महिने ज्याचं पत्र नाही, ती फाईल बंद. उगाच मढी कशाला राखायची?" म्हणाले, आणि मढी हा शब्द कुणासमोर उच्चारला हे लक्षात येऊन कानकोंडे झाले.

तिने फायली वाचायला घेतल्या. एका हमालाचा पाय पोत्याखाली सापडलेला, दुसऱ्याची बोटं गेलेली. जखम झाल्यावर माणूस मुंबईत खोलीचं भाडं भरत पडून राहत नाही. तो बोटीने देवगडला, मालवणला घरी जातो आणि हातपाय चालू झाले की परततो. म्हणजे सहा महिने गप्प बसलेल्या माणसाने दावा सोडलेला नव्हता, तो फक्त गावी होता. पत्रांवरचे पोस्टाचे शिक्के तेच सांगत होते.

मग तिच्या मनात आलं, ही माणसं परत येतात तेव्हा काय होतं? तिने यंदाच्या जानेवारी-फेब्रुवारीत नोंदलेले नवे दावे काढले. या खेपेला क्लेम नंबर न बघता ती हमालाचं नाव आणि अपघाताची तारीख बघत गेली. तिसऱ्याच पानावर ती थांबली. डिसेंबरात बंद झालेला सीताराम पडवळ इथे होता, नव्या वर्षाच्या नव्या नंबराने. अपघात मात्र गेल्या उन्हाळ्यातला. त्याच्याखाली आणखी एक, पुढच्या पानावर आणखी दोन.

फाईल पुन्हा उघडायची तर नवलकरांच्या खात्यात नवा नंबर देत, तेवढंच. कुणाच्या मनात पाप नव्हतं. पण जुन्या नंबरावर बघणाऱ्याला दावा मेलेला दिसायचा आणि पैसे जायचे ते पुढच्या वर्षाच्या नावावर. गुप्त्यांचे पस्तीस टक्के याच मेलेल्या दिसणाऱ्या दाव्यांवर उभे होते. आणि नंबर धरून केलेली परीक्षा दरवर्षी गोड उत्तर देणारच होती.

संध्याकाळी तिने कमलाकांतकाकांना सगळं दाखवलं. काकांनी चष्मा काढून पुसला, लावला, परत काढला.

"गुप्त्यांनी आकडा बदलला नाही तर अहवालात लिहावं लागेल," ती म्हणाली.

"लिहू. पण नलू, हे गेल्या वर्षीही असंच असेल तर?"

"असेल. मी अजून बघितलं नाही."

"मग बघू नकोस, असं मी म्हणणार नाही." काकांनी चष्मा लावला. "तीस वर्षं आम्ही एका टेबलावर बसलो. मनमोहनला चुकलं म्हणून सांगणारा माणूस मला आठवत नाही. मीही नाही सांगितलं. वेळच आली नाही, असं वाटायचं."

नलिनीनेही कधी सांगितलं नव्हतं. घरातही नाही आणि ऑफिसातही नाही.

त्या रात्री बाबांच्या खुर्चीकडे पाठ करून तिने जेवण उरकलं. सकाळी ऑफिसात जाऊन तिने आदल्या वर्षाची कागदपत्रं काढली आणि चोपन्न साली बंद झालेले दावे नावाने शोधले. ते पंचावन्नच्या नंबरांखाली होते. गेल्या वर्षीच्या ऑडिटात तपासलेल्या यादीतच होते, अपघाताच्या जुन्या तारखांसकट. त्या प्रत्येक ओळीसमोर हिरवी टिक होती.

दुपारी गुप्त्यांच्या खोलीत बैठक बसली. गुप्ते, नवलकर, कमलाकांतकाका आणि ती. पंखा घरघरत होता. दुसऱ्या दिवशी हिशेब संचालकांपुढे जायचे होते.

"तुमच्या वडिलांनी स्वतः तपासलं होतं, नलिनीबाई," गुप्ते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मोठा होता. "दोन वर्षं तरतूद पुरली. आता तुम्ही चार फायली आणून माझं गृहीत मोडायला निघालात?"

"चार नाहीत. डिसेंबरात बंद केलेल्यांतून मी मधूनमधून निवडल्या आणि प्रत्येकीचा माग काढला. निम्म्याच्या जवळपास मार्चच्या आत परत उघडल्यात. आणि काही हमाल अजून गावीच आहेत."

"आग आणि बोटींचे दावे?"

"ते नावाने तपासले तरी तुमचा अंदाज बरोबर येतो. तिथे माझी तक्रार नाही. फक्त हमालांच्या दाव्यात दर वेळी एकाच बाजूला चूक पडते. अंदाज कधी इकडे कधी तिकडे चुकला असता तर मी बोलले नसते."

गुप्त्यांनी तिचा तक्ता पुढे ओढला आणि बराच वेळ वाचला. मग नवलकरांकडे मान वळवली. "अहो, नंबर बदलता हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" नवलकर कपाळ पुसत म्हणाले. मग एकदम सावरले. "पण साहेब, हे फक्त यंदाचं. छप्पन सालभर आंदोलन, जानेवारीत तर गोळीबार, संचारबंदी. गोदीतले निम्मे लोक गावी पळाले, पत्रं पोचली नाहीत. आंदोलन नसतं तर असं झालंच नसतं. पूर्वी हे नव्हतं हो."

गुप्त्यांचा चेहरा उजळला. "मग मिटलं! जुन्या वर्षांचे आकडे स्वच्छ आहेत, त्यावर काढलेले पस्तीस टक्के राहू देत. यंदापुरती थोडी जादा रक्कम घालू. कोठाऱ्यांनी गेल्या वर्षी सही केली ती योग्यच होती. काय रावसाहेब?"

कमलाकांतकाकांनी नलिनीकडे बघितलं नाही. "गेल्या वर्षी," ते सावकाश म्हणाले, "ही माहिती आमच्यापुढे नसावी. असती तर मनमोहनच्या नजरेतून सुटली नसती."

खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. नवलकरांनी चहासाठी घंटी वाजवली. गुप्त्यांनी पेनचं टोपण उघडून कागदाच्या कडेला जादा रकमेचा आकडा लिहायला घेतला. त्यातून यंदाचं भागलं असतं. पुढच्या डिसेंबरला मात्र पस्तीस टक्के परत लागले असते आणि गावाहून लंगडत येणाऱ्या माणसांसाठी पैसे बाजूला पडलेच नसते. कुणाला कधी कळलंही नसतं. बाबांची सही होती तशी राहिली असती.

समोरच्या कागदपत्रांतून नलिनीने गेल्या वर्षीची यादी काढली आणि गुप्त्यांच्या पेनाखाली सरकवली.

"चोपन्न साली आंदोलन पेटलेलं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हाही हे असंच झालंय. तारखा बघा."

गुप्त्यांनी तारखा बघितल्या. मग हिरव्या टिका बघितल्या आणि डोळे वर केले. त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला. "या टिका..."

"नलू," काका म्हणाले, "राहू दे, बाळा. मी सांगतो."

"नाही काका. माहिती समोर होती. नंबर जुळला की पुढे विचारायचं नाही, एवढंच झालं." तिचा आवाज फाटला. तिने तो सावरला नाही. "माझ्या बाबांचं चुकलं."