प्रकाशाला कुणी शिवलं नाही

उत्तरपत्रिकेवर नाव नव्हतं, नंबरावर काळी पट्टी चिकटवलेली होती. तरीही सातव्या प्रश्नाचं उत्तर मावशीने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आकृतीखाली लिहिलं होतं, ‘प्रकाशाला कुणी शिवलं नाही, फक्त अंतर वाढलं.’ असलं वाक्य एकाच पोरीला सुचणार. शिवाशिवीच्या खेळावरून हा धडा मावशीनेच तिला स्वयंपाकघरात बसून समजावला होता. भाची, मोठ्या बहिणीची एकुलती एक. पहिल्या तपासणीत दोन गुणांनी नापास, आणि या प्रश्नाला दोनच गुण होते. ते मिळाले नाहीत तर पुढचा प्रवेश हातचा जाणार.

फेरतपासणीच्या खोलीत तिघं होती. मावशी स्वतः भौतिकशास्त्र शिकवणारी. समोर सर, म्हणजे तिचेच जुने गुरू; प्रश्न आणि नमुना उत्तर दोन्ही त्यांचीच. टेबलाच्या टोकाला परीक्षा नियंत्रक बाई, ज्यांना विज्ञानापेक्षा वेळेवर निकाल लागण्याची काळजी होती.

प्रश्न साधा होता. स्थानकावरून दोन यानं विरुद्ध दिशांना निघतात, प्रत्येकाचा वेग प्रकाशाच्या शून्य पॉइंट सहा पट. स्थानकावरच्या माणसाच्या मते त्यांच्यातलं अंतर किती वेगाने वाढतं? नमुना उत्तर होतं पंधरा सतरांश पट. पोरीने लिहिलं होतं एक पॉइंट दोन पट.

“हे बरोबर आहे,” मावशी म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. “अगं, प्रकाशापेक्षा जास्त? हेच शिकवलं का मी तुला?”

वेग प्रकाशापुढे जाऊ नये याची माणूस नको तितकी काळजी घेतो, तेव्हा उत्तर असंच चुकतं. मावशी फळ्याकडे गेली. 

तिने वर जाणारी काळाची रेघ काढली, आडवी अंतराची, आणि मधोमध प्रकाशाच्या दोन तिरक्या रेघा. त्यांच्या आत दोन्ही यानांच्या रेघा. “पाच वर्षं वर जा, सर. हे यान तीन प्रकाशवर्षं डावीकडे, ते तीन उजवीकडे. मध्ये सहा. पाच वर्षांत सहा, म्हणजे एक पॉइंट दोन. पण प्रकाशाची रेघ कुणी ओलांडली? हा वेग कुठल्याच वस्तूचा नाही.”

“मग पंधरा सतरांश?”

“ते डाव्या यानात बसलेल्याला विचारलं असतं तर.” तिने यानाच्या रेघेवरून एक उतरती रेघ उजवीकडे नेली. “त्याचं ‘आत्ता’ हे असं तिरकं. ते दुसऱ्या यानाला स्थानकाच्या घड्याळापेक्षा आधीच्या क्षणी गाठतं. त्याची मोजपट्टीही वेगळी. म्हणून वेगांची बेरीज तशीच उरत नाही, तिला ‘एक अधिक दोन्ही वेगांचा गुणाकार’ याने भागावं लागतं. एक पॉइंट दोन भागिले एक पॉइंट छत्तीस. यानातून उजेड सोडला तरी हा भागाकार सुटत नाही. एक पॉइंट सहा भागिले एक पॉइंट सहा. उत्तर पुन्हा प्रकाशाचाच वेग.”

सर उठले. खडूच्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं. कान लाल झाले होते बिचाऱ्यांचे.

“प्रश्न मी स्थानकावरून विचारला,” ते शेवटी म्हणाले, “आणि उत्तर यानात बसून दिलं. ज्यांनी ज्यांनी एक पॉइंट दोन लिहिलंय, त्या सगळ्यांना गुण द्या.”

बाईंनी लगेच एक कागद पुढे सरकवला. “तपासलेल्यांत कुणी नातेवाईक नाही, या हमीवर दोघांच्या सह्या.”

सरांनी सही केली. मावशीने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. काळ्या पट्टीखाली कोण आहे, हे या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. फार मोह झाला तिला. पण उद्या हे बाहेर फुटलं तर मावशीने भाचीसाठी उत्तर फिरवलं असंच लोक म्हणतील, आणि बाकीच्या पोरांचे गुणही जातील.

“ही उत्तरपत्रिका माझ्या भाचीची आहे,” ती म्हणाली.

बाईंनी सरांकडे पाहिलं. मग बाईंनी ती उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून बाजूला काढली. “नमुना उत्तर बदललेलं राहील, सरांनी मान्य केलंय. पण ही दुसरीकडे तपासायला जाईल. महिना तरी लागेल.”

“प्रवेश शुक्रवारी बंद होतात.”

“मला माहीत आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

उरलेला गठ्ठा संपला, नवे गुण कळवले गेले. संध्याकाळी जिना उतरतानाच भाचीचा फोन वाजला.

“मावशी, तो यानांचा प्रश्न. माझं बरोबर होतं ना? मैत्रिणीला परीक्षा विभागाने आत्ताच कळवलंय, तिला दोन गुण मिळाले म्हणून. तिचंही उत्तर तेच होतं.”

मावशीने कठडा घट्ट धरला. “तुझं बरोबर होतं,” ती म्हणाली. “आईला फोन दे.”