पगारवाढीचं कारण

पत्र दिलं त्याच दिवशी, दुपारच्या आत, प्रयोगशाळेची काच फुटली.

भूमच्या बाहेर, डांबरी रस्त्याला लागून ते खासगी दूध केंद्र होतं. गावोगावचं दूध तिथं कॅनमधून यायचं, तपासलं जायचं, थंड व्हायचं आणि टँकरमधून मोठ्या डेअरीकडं जायचं. तपासायचं काम शुभांगीचं. तिनं "परत" म्हटलं की कॅन परत. एवढा अधिकार असलेल्या या पोरीचा पगार मात्र कामाला लागली तेव्हा होता तेवढाच राहिला होता.

"तोंडी मागू नकोस," मॅनेजर उमाशंकर तिला म्हणाले होते. "मालक सोलापूरला बसतात, त्यांना तुझं काम दिसत न्हाय. लिहून दे. आधी काय करायचीस, आता काय काय करतेस, त्यानं केंद्राचा काय फायदा झाला, किती वाढ पाहिजे. आणि पुरावा लाव. मी शिफारस करून वर पाठवतो."

तिनं तसंच लिहिलं. आधी फक्त दुधात फॅट किती ते काढायची. आता भेसळीच्या चाचण्या, टँकरची कागदपत्रं, तपासणीची दफ्तरं, सगळं तिच्याकडं. ती यायच्या आधी मोठ्या डेअरीतून टँकर परत यायचे, मालकाच्या गळ्याशी यायचं. ती आल्यापासून एकही आला नव्हता. पुरावा म्हणून तिनं नाकारलेल्या दुधाच्या रजिस्टरच्या झेरॉक्स लावल्या. तारीख, गाव, पुरवठादार, कारण. त्या पानांवर एकच नाव पुन्हा पुन्हा होतं. रणधीर. कारण, युरिया.

इथंच चूक झाली. पगारवाढीला तिचं काम दाखवायचं होतं, लोकांची नावं नाही. नावांवर पट्टी ठेवून झेरॉक्स काढली असती तरी भागलं असतं. आणि उमाशंकर सरांनी रिवाजाप्रमाणं ते पत्र पडताळणीसाठी संकलनाच्या सुपरवायझरकडं दिलं. "युवराज, आकडे बरोबर आहेत का बघ आणि खाली शेरा मार." युवराज रणधीरचा सख्खा मेहुणा, हे अख्ख्या भूमला ठाऊक होतं. सरांनाही होतं. कामाच्या घाईत त्यांच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

शेरा काही आला नाही. रणधीर आला.

पिकअपमधून तो उतरला, मागून दोघं. एकाच्या हातात लोखंडी गज. काच फुटली, मग दार. दूध तपासायचं यंत्र टेबलावरून खाली गेलं आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"कुठंय ती मॅडम?" रणधीरनं शुभांगीचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. "माझ्या नावावर पगार वाढवून घेतीस व्हय? माझ्या?" त्याच्या मुठीत युवराजकडं गेलेलं तिचंच पत्र आणि झेरॉक्स होत्या. चुरगाळलेलं पान त्यानं तिच्या तोंडात कोंबलं. "खा! तुझा पुरावा तूच खा!"

कागद, शाई आणि रक्त एकत्र झालं. श्वास कोंडला. तेवढ्यात महांतप्पा आत आला. कॅन उतरवणारा, साठीला टेकलेला, सगळं केंद्र त्याला आप्पा म्हणायचं. हातात होतं ते कॅनचं झाकण त्यानं रणधीरच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलं. शुभांगी सुटली. दुसऱ्या क्षणी गज आप्पाच्या डोक्यावर बसला आणि तो भिंतीला टेकून खाली घसरला. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं.

रणधीर चवताळला. त्यानं टेबल उलटं केलं. फॅट काढायला लागणाऱ्या ॲसिडची बाटली त्याच टेबलावर होती. ती फरशीवर फुटली.

आधी काहीच झालं नाही. मग रणधीर ओरडला. माणूस असं ओरडतो हे तिथं कुणी ऐकलं नव्हतं. पायात साधी चप्पल. ॲसिड बोटांवर उडालं होतं, घोट्यापर्यंत. त्याची माणसं ते ऐकून मागच्या मागं पळाली. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला.

शुभांगीनं तोंडातला कागद थुंकला. हात आपोआप चालले. रणधीरला बगलेत धरून तिनं बाहेर ओट्यावर ओढलं, कॅन धुवायचा पाइप घेतला आणि नळ पूर्ण सोडला. ॲसिडला एकच उपाय, पाणी, भरपूर आणि सारखं. ते तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. रणधीर विव्हळत होता, "अजून सोड, अजून!"

तिनं मान वळवून आत बघितलं. आप्पा भिंतीला टेकून बसला होता. त्याची दाढी लाल झाली होती.

शुभांगीनं नळ बंद केला.

"ए! पाणी! पाणी सोड, बाई!"

"दुधात काय होतं?"

"पाय जळतोय माझा!"

"दुधात काय होतं, रणधीर?"

"युरिया! युरिया होता!"

"आणि रजिस्टरातली यादी?"

"खरी हाय! समदी खरी हाय! आई गं... सोड की पाणी!"

आरडाओरडा ऐकून आलेले उमाशंकर सर दारात उभे होते, त्यांच्यामागं युवराज. दोघांनी ऐकलं. मगच तिनं नळ सोडला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाइप तिच्याच हातात होता.

पोलिसांत तक्रार झाली. जबाबात शुभांगीनं सगळं सांगितलं. नळाचंही. फौजदारांनी लिहिता लिहिता वर बघितलं, पण लिहिलं.

चार-आठ दिवसांनी ती सरकारी दवाखान्यात आप्पाजवळ बसली होती. त्याच्या डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला. उमाशंकर सर खुशीत आले आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

"घे. तू मागितलीस त्याच्यापेक्षा जास्त."

तिनं पत्र उघडलं. पगार खरंच जास्त होता. वर कारण लिहिलं होतं: पुरवठादारांवर वचक बसवण्याची क्षमता दाखवल्याबद्दल.

"मालकांना नळाचं सांगितलं मी," सर हसले. "लई खूश झाले. म्हणाले, अशीच बाई पाहिजे आपल्याला. आता संकलनाच्या बैठकीलाही तू बसायचं."

"माझं पत्र वाचलं का त्यांनी?"

"झेरॉक्स पाठवली होती, वाचली असेल की. तुला काय करायचंय? पैसे तर आले."

आप्पानं चांगला डोळा उघडला.

"पोरी, एक बोलू? रागावू नको."

"बोला, आप्पा."

"मला गज बसला तेव्हा भ्या न्हाय वाटलं. तू नळ बंद केलास न्हवं, तेव्हा वाटलं. तुझं."

सर म्हणाले, "अहो, तुमच्यासाठीच केलं तिनं!"

"म्हणून तर," आप्पा म्हणाला. "मालकाला तिचे कागद न्हाय कळले, सायब. नळ तेवढा कळला."

शुभांगीनं पत्र घडी करून पुन्हा पाकिटात घातलं आणि सरांपुढं धरलं. "मी मागितली तेवढीच द्या. पण कारण बदलून आणा. टँकर परत येत न्हाईत, चाचण्या वाढल्यात, दफ्तर नीट हाय, हे लिहा. त्यासाठी मी मागितली होती."

"वेडी हायस का? ते चिडले तर आहे तेही जाईल."

"जाऊ द्या. या कारणावर पगार घेतला, तर उद्या पुन्हा नळ बंद करावा लागंल. मालक तेच मागतील. आणि मला ते जमतं, सर. जमलं की त्या दिवशी."

सरांनी पाकीट बगलेत धरलं. मग खिशातून पेन काढलं आणि तिनं दिलेलं जुनं पत्र मागितलं. मूळ पत्र आणि त्याला लावलेली पानं तिच्या पिशवीत होती, त्या दिवशी केंद्रातून उचललेली, वाळलेल्या रक्ताचे डाग पडलेली. आप्पाच्या खाटेवर ते पत्र ठेवून सरांनी खाली शेरा लिहिला, जो युवराजनं लिहायचा होता: आकडे पडताळले. बरोबर आहेत. याच कारणांसाठी वाढीची शिफारस.

"झेरॉक्सवरची नावं तेवढी खोडू का?" त्यांनी विचारलं.

"मी खोडते," शुभांगी म्हणाली आणि पेन घेतलं.