फाटकावरचा मनाई हुकूम

माझं मराठी चांगलं आहे, हे मी सांगायला नको. छत्तीस वर्षं पेडण्यात मुलांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर वकील रुद्रेशच्या ऑफिसात इंग्रजी कागदांचं मराठी करून द्यायला बसले. रुद्रेश माझाच विद्यार्थी. आता तो मला शिकवतो, आणि ह्या प्रकरणात त्यानं शिकवलेलं मी ऐकलं नाही, हे आधीच कबूल करते.

प्रकरण कोरगावच्या देवकीचं. नवरा गेल्यापासून बाई एकटीच्या जिवावर काजूची बाग आणि दारूची भट्टी सांभाळते. बाग डोंगरावर, भट्टी खाली रस्त्याला, आणि मधली वाट जाते तिच्या चुलतदिराच्या, दत्तारामच्या जमिनीतून. दत्तारामनं ऐन हंगामात त्या वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. काजूचं बोंड म्हणजे लाडाचं फळ, आज पडलं की उद्यापर्यंत चेचलं पाहिजे, नाहीतर फुकट. देवकीचं सगळं वर्ष ह्या दोन महिन्यांवर चालतं. म्हणून रुद्रेशनं दावा घातला आणि दोन्ही बाजू ऐकून पेडण्याच्या कोर्टानं दाव्याचा निकाल लागेपर्यंतचा अंतरिम मनाई हुकूम दिला. देवकी जिंकली.

हुकूम इंग्रजीत, नऊ पानी. रुद्रेशनं मला बजावलं, की परिच्छेदांचे आकडे जसेच्या तसे ठेवा, वादी काय म्हणते, प्रतिवादी काय म्हणतो, कोर्टाला काय वाटतं हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहा, आणि शेवटी ‘आदेश’ म्हणून जे आहे ते नव्या पानावर घ्या. लोकांनी वागायचं ते तेवढ्यावरूनच, बाकी सगळी नुसती कारणं. मी म्हटलं, बरं बाबा. पण लिहायला बसले आणि माझा हात शिवशिवला. ते आकडे, ते दर वाक्याला ‘प्रतिवादीचे म्हणणे असे की’, शी, वाचवत नाही! मी आकडे काढले. ‘प्रतिवादी म्हणतो’ एकदाच लिहून त्याची पुढची सात वाक्यं सलग ओघात घेतली. आदेशही शेवटच्या परिच्छेदात मुरवून टाकला. इतकं सुंदर झालं की मी स्वतःच दोनदा वाचलं. रुद्रेश त्या दिवशी पणजीला होता, त्यानं पाहिलं नाही. देवकीचा मुलगा स्वप्नील आला आणि घेऊन गेला.

स्वप्नीलला आनंद आवरेना. आमच्याकडे हल्ली वाढदिवसाला, बारशाला, दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, मग कोर्टात जिंकल्यावर का लागू नये? त्यानं म्हापशाला जाऊन सहा फूट बाय चार फूट छापून घेतला आणि दत्तारामच्या फाटकावरच बांधला. फ्लेक्सवाल्यानं माझा मजकूर वरून घ्यायला सुरुवात केली आणि जागा संपली तिथे थांबला. तो थांबला दत्तारामच्या सातव्या वाक्यावर.

म्हणजे फाटकावर, वर कोर्टाचं नाव, ‘प्रतिवादी म्हणतो’ कुठेतरी मधे हरवलेलं, आणि खाली ठळक अक्षरात, ही वाट पूर्वी कधीच नव्हती, देवकीला ओढ्याकडून दुसरी वाट आहे, ती हट्टानं इथून जाते. कोर्टानं पुढे चार पानं खर्चून हे म्हणणं सकृद्दर्शनी पटत नाही असं लिहिलं होतं, आणि त्यापुढे आदेश. ते सगळं फ्लेक्सच्या बाहेर.

दत्ताराम सकाळी आला, उभ्या उभ्या वाचलं आणि हरखून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं म्हणणं छापून आलं होतं, तेही शत्रूच्या खर्चानं. त्यानं फ्लेक्सची खालची सुटलेली दोरी स्वतः घट्ट केली आणि कुलूप तसंच ठेवलं. स्वप्नीलनं पोलीस शिपाई बोलावून आणला, त्यानं वाचलं, विचारलं, ह्यात फाटक उघडा असं कुठे लिहिलंय? स्वप्नील वाचायला लागला आणि पुन्हा वाचायला लागला. शिपाई म्हणाला, हे दिवाणी काम, कोर्टाकडे जा, आणि गेला.

मला हे कळलं चौथ्या दिवशी. देवकी ऑफिसात आली, पिशवीतून सडलेली बोंडं काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि काही बोललीच नाही. ओढ्याकडच्या वाटेनं ती ही एक पिशवी घेऊन दीड तास उतरली होती. वर बागेत तीन दिवसांचे ढीग काळे पडले होते. वास सगळ्या ऑफिसात पसरला. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की छत्तीस वर्षांत कुणा पोरानं मला इतकं खाली बघायला लावलं नव्हतं.

रुद्रेशनं माझं भाषांतर वाचलं. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, हुकूम मोडल्याचा अर्ज मी घालतोच, पण त्याला तारीख पडेल, आणि बोंडं तारखेला थांबायची नाहीत. मी तिथल्या तिथे दुसरं भाषांतर करायला घेतलं. आकडे परत आले. प्रत्येक वाक्यावर ज्याचं त्याचं नाव आलं. कोर्टाला जे नुसतं दिसतं, ते ‘सकृद्दर्शनी दिसते’ असंच ठेवलं, आणि ही मतं अंतिम निकालाला बांधील नाहीत हेही. मग कोरं पान घेतलं, वर ‘आदेश’ लिहिलं, आणि खाली दोनच कलमं उतरवली. दुसरं कलम लिहिताना मी जरा थबकले, कारण पहिल्या वेळी ते माझ्या ओघात कुठे वाहून गेलं होतं ते मलाच सापडेना.

दुपारी देवकीबरोबर कोरगावला गेले. दत्ताराम फाटकाशीच खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला, कारण सातवीत दोनदा माझ्याच वर्गात बसला होता. मी म्हटलं, फ्लेक्सवर आहे ते तू कोर्टाला सांगितलेलं. कोर्टानं तुला सांगितलेलं हे. आणि पान वाचलं.

“एक. प्रतिवादीने, त्याच्या माणसांनी व नोकरांनी, दाव्याचा निकाल लागेपर्यंत, वादीला सदर वाटेने जाण्यायेण्यास कोणताही अडथळा करू नये.”

दत्तारामचं तोंड उतरलं. त्यानं विचारलं, मग माझं एवढं छापलंय ते? मी म्हटलं, ते तुझं म्हणणं ऐकून घेतल्याची पोच. न ऐकल्यास मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं रुद्रेश म्हणतो. कैद ऐकताच त्यानं किल्ली काढली. फाटक करकरत उघडलं आणि खाली रस्त्यावर वाट बघत असलेल्या स्वप्नीलनं पिकअपचं इंजिन चालू केलं.

“थांब रे,” मी म्हटलं. “दोन. वादीने व तिच्या माणसांनी सदर वाटेचा वापर फक्त पायी व डोक्यावरील ओझ्यासह करावा. कोणतेही वाहन आणू नये.”

इंजिन बंद झालं. दत्तारामला हसू फुटलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही. स्वप्नील माझ्याकडे बघत राहिला, जणू कलम मीच घातलं होतं. वर आज पडलेल्या बोंडांच्या चाळीस पाट्या भरून ठेवलेल्या, संध्याकाळच्या आत भट्टीवर पोचायला हव्या होत्या, आणि माणसं दोन.

देवकीनं माझ्या हातातलं पान घेतलं. अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचलं, दोनदा. मग पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

“बाई, ह्यात तुमका मनाई आसा काय?”

मी म्हटलं, नाही.

“मगे चला वर.”

पाचवी पाटी उतरवली तेव्हा मान मोडून आली होती, आणि अजून पस्तीस होत्या.