तारखेआधीच

कळवणला जायच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी पुण्याहून यशोधनचा फोन आला. मी स्कूटर पुसत होते. उद्या पहाटे माहेरी जायचं, तेही स्वतः गाडी चालवत, म्हणून मी नुसती आनंदात होते. सत्तरीची माझी बहीण अक्काबाई म्हणाली होती, "तू न् गाडी? बघीन तवा खरं मानीन." दाखवतेच म्हटलं!

"आई," लेकाचा आवाज कडक होता, "तुझ्या गाडीची सर्व्हिस आली. मला मेसेज आलाय."

"कशी येईल? सहा महिने दिवाळीला होतात."

"तीन हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते! किलोमीटर चार महिन्यांतच झाले. तू फक्त भाजी आणायला जातेस ना?"

झालं! ॲप त्यानेच माझ्या फोनवर घातलं होतं, स्वतःच्या खात्यातून. गाडी चालू केली की फोन तिला जोडला जातो आणि ती किती पळाली ते सगळं ॲपला कळतं. मी वेडी मात्र तारखेकडे डोळे लावून बसले होते.

"शेजारच्या उज्वलाला मागे बसवून आठवड्यातून दोनदा त्र्यंबकेश्वरला जाते," मी सांगून टाकलं. "उद्या कळवणला चाललेय."

"वय काय तुझं! सर्व्हिस झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. संध्याकाळी येतोच मी, चावी काढून घेतो."

मी फोन ठेवला आणि तडक नाशिक रोडचं सर्व्हिस सेंटर गाठलं. सर्व्हिस झाल्याशिवाय म्हणाला ना? मग करूनच घेते! तिथल्या मेकॅनिक साईने मीटर बघितला. "वेळेवर आणलीत काकू. तारखेवर राहिला असता तर याच तेलावर आणखी दीडेक हजार किलोमीटर हाणले असते." त्याने ऑइल बदललं, एअर फिल्टर साफ केला, ब्रेक ॲडजस्ट केले. मी शेजारी उभी राहून सारखी घाई करत होते. माझी अगदी परीक्षेला बसल्यासारखी अवस्था झाली होती.

संध्याकाळी यशोधन आला तो थेट गाडीपाशी गेला. ब्रेक दाबून बघितले. चावी घेऊन गल्लीतून एक चक्कर मारून आला. मग साईने लावलेलं स्टिकर वाकून वाचलं. पुढच्या सर्व्हिसचा आकडा आणि पुढची तारीख, दोन्ही त्यावर होतं.

"फोन दे तुझा," तो म्हणाला.

माझं तोंड एवढंसं झालं. आता ॲपही काढून टाकणार! बराच वेळ तो काहीतरी करत बसला आणि मग फोन माझ्या हातात दिला. खात्यावर माझं नाव होतं, माझा नंबर होता.

"पुढचा मेसेज तुलाच येईल," तो म्हणाला. "ती तारीख काही तुला गाठत नाही."

चावी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. मी ती लगेच मुठीत घेतली.

"अक्कामावशीला सांग," तो म्हणाला, "दोघांचा स्वयंपाक कर म्हणावं. मी मागे बसतो."