चौदाला सकाळी हजर

सुट्टीवर जाण्याआधी मी तीन ठिकाणी निरोप ठेवला: सगळ्यांना मेल, स्वागतकक्षाच्या फळ्यावर चिठ्ठी आणि माझ्या कामाच्या फोनवर रेकॉर्डिंग. 'सहा ते तेरा मी डोंगरात आहे, फोन लागणार नाही. काही असेल तर धाकटीला सांगा. चौदाला सकाळी हजर.' रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणाऱ्यांचा डोस आम्ही दोघी नर्स सांभाळतो. धाकटी म्हणजे माझी ज्युनिअर.

चिठ्ठी वाचून डॉक्टर म्हणाले, "खाली माझाही नंबर घाला."

"कशाला सर? तुम्ही आधीच कामात बुडालेले. धाकटी आहे ना!" फळ्यापाशी उभ्या रिसेप्शनिस्टलाही मी बजावलं, "बारीकसारीक गोष्टींसाठी सरांकडे जायचं नाही." खरं सांगते, तोरा होता मला. माझं काम माझ्यावाचून कुणाला जमतं, असा.

चार वर्षांनी मिळालेली सुट्टी. नवऱ्याने माझा फोन बंद करून बॅगेच्या तळाशी कोंबला. मी आठ दिवस मजेत झोपा काढल्या.

नऊ तारखेला पहाटे धाकटीच्या वडिलांना अटॅक आला. ती घरूनच गावी पळाली. घाईघाईत फोनवर तिने उन्हाळ्यातला जुना निरोप लावला: 'मी रजेवर आहे, ताईंना फोन करा.' ताई म्हणजे मी. तिने कळवलं ते एवढंच.

चौदाला मी ठरल्याप्रमाणे हजर झाले. रिसेप्शनिस्ट माझ्याकडे बघेना.

"ताई, मास्तर गेले."

मास्तर चित्रकलेचे शिक्षक होते. अकरा वर्षं त्यांचा डोस मी ठरवत होते. दर वेळी सुई बघून "आज कमी रंग काढा हं" म्हणायचे.

"दहा तारखेला आले होते. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणाले. खोकल्यासाठी बाहेरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं."

काही अँटिबायोटिक्सनी आमच्या गोळीचा जोर वाढतो. त्याच दिवशी रक्त तपासून डोस थांबवला असता तर कदाचित निभावलं असतं.

"मी धाकटीला फोन लावला, तर तो म्हणतो ताईंना करा. तुम्हाला लावला, तर तो म्हणतो धाकटीला करा. तीनदा केलं, ताई. मग फळ्यावर बघून सांगितलं, ताई चौदाला येतील." तिला हुंदका आवरेना. "ते म्हणाले, बरं, मग चौदालाच येतो. माझं रक्त त्यांनाच कळतं. बाराला डोक्यात रक्तस्राव झाला."

"अगं, पण डॉक्टर पलीकडच्याच खोलीत होते ना!" मी जवळजवळ ओरडले.

"होते," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, त्यांच्याकडे जायचं नाही."

चिठ्ठी अजून फळ्यावरच होती. तिच्या खालच्या बाजूला एका नंबरापुरती जागा होती. मी पेन काढलं आणि डॉक्टरांचा नंबर लिहिला.