अक्काची गिटार, धाकटीचा हात

वाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत बाई गिटार शिकवत. दुकान त्यांच्या दिराचं. पुढे भाऊजी वाद्यं विकायचे, दुरुस्त करायचे आणि मागे बाईंचे वर्ग चालायचे. मधला पडदा जुना आणि विरलेला होता, त्यामुळे इकडचं तिकडे सगळं ऐकू जाई. भाऊजींना न मागता मत द्यायची सवय लागली ती त्यामुळेच.

ती आली तेव्हा तिच्या खांद्याला काळ्या पिशवीतली गिटार होती. चाळिशीची असेल. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये केस कापायची. केस कापून येताना मानेवर बारीक केस राहतात तसे तिच्या मनगटावर चिकटलेले होते.

"मला अगदी पहिल्यापासून शिकायचंय," ती म्हणाली.

बाईंनी तिला बसवलं. नवीन माणूस आलं की त्या आधी गिटार हातात देतच नसत. "टाळ्या वाजवा पाहू," म्हणाल्या. तिने वाजवल्या, डावा हात वर आणि उजवा खाली. मग म्हणाल्या, "आता डोळे मिटा आणि नुसतं हवेत गिटार वाजवल्यासारखं करा."

डोळे मिटल्याबरोबर तिचा डावा हात पोटाशी आला आणि छान लयीत खालीवर हलायला लागला.

"तुम्ही डावखुऱ्या आहात."

"हो. कात्रीसुद्धा डावखुरीच लागते मला. उजव्या हाताची कात्री डाव्यात धरली, तर केस कापलेच जात नाहीत, पात्यांमध्ये दुमडतात. पण गिटार मात्र सरळच, उजव्या हाताने वाजवतात तशीच शिकणार."

बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या. कुठलीच बाजू खोटी नव्हती. सरळ शिकलं की बाजारातली कुठलीही गिटार चालते, कुणाचीही मागून वाजवता येते. शिवाय बोटांचं किचकट काम डावा हात करतो, तो तुमचा हुशार हात, त्यामुळे सुरुवातीला फायदाच होतो. पण ठेका धरतो तो उजवा. काही डावखुऱ्यांना ते जमून जातं, कळतही नाही. काहींचा उजवा हात मात्र वर्षानुवर्षं लाकडासारखा राहतो. अशांनी उलटी धरलेली बरी. ठरवायचं ते आत्ताच ठरवावं, कारण दोन वर्षांनी हात बदलायचा म्हणजे पुन्हा बाराखडीपासून.

"व्हायोलिन असतं तर मी सरळच शिका म्हणालो असतो," पडद्यापलीकडून भाऊजी म्हणाले. "चारचौघांत वाजवायला बसलं की उलटा गज शेजारच्याच्या कोपरात जातो. गिटारला तशी अडचण नाही वहिनी. उलटी देऊन टाका."

"ही गिटार अक्काची आहे," ती म्हणाली. "माझी थोरली बहीण. मागच्या वर्षी गेली. ती उजव्या हाताने वाजवायची. तिच्या तारा हलवायच्या नाहीत मला."

सरळच सुरू झालं.

डावा हात चटकन शिकला. सुरांच्या जागा त्याने अशा पकडल्या, की बाईंनाही कौतुक वाटलं. उजवा मात्र पालथ्या घड्यावर पाणी. तारा छेडायची प्लास्टिकची चकती, म्हणजे पिक, तारांवर आपटायची, अडकायची, खाली पडायची. पायाने ताल बरोबर, तोंडाने मोजणं बरोबर, आणि हात तिसरीकडेच. बाई समोर बसून हळूहळू दाखवत, ती घामाघूम होई.

"डाव्या हाताचा मळ म्हणतात ना, तो हा नव्हे," ती हसून म्हणायची आणि पुन्हा लागायची.

एका दुपारी ती खूप उकडतंय म्हणून थांबली. गिटार मांडीवरच होती. डाव्या हाताने तिने बाटली तोंडाला लावली. बाई खाली पसरलेले, बोटांच्या जागा दाखवणारे कागद गोळा करत होत्या आणि मागे ठेका सुरू झाला.

मोकळ्या तारांवरचा साधाच ठेका होता, पण पक्का. अशी सैल मनगटाची चाल यायला लोकांना वर्षं लागतात. मध्येच तळव्याची कड टेकवून तारा दाबल्या जात होत्या, पुन्हा सोडल्या जात होत्या. हे बाईंनी तिला शिकवलंच नव्हतं.

त्यांनी मान वर केली. ती अजून पाणी पीत होती. नजर खिडकीबाहेर. उजवा हात एकटाच वाजवत होता.

पडद्यामागून भाऊजी ओरडले, "वा वहिनी! आज रंगात आहात!"

बाटली खाली आली आणि हात थांबला.

"काय वाजवलंत आत्ता?" बाईंनी विचारलं.

"मी? मी तर पाणी पीत होते." तिने बाईंकडे असं पाहिलं, की त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. मग तिने ठेका धरला. पिक आपटली, अडकली आणि खाली पडली.

बाईंनी भाऊजींना काही सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांचं लक्ष बोटांच्या जागांवर राहीना, ते उजव्या हातावरच जाई. तो हात कधी गिटारच्या कडेवरून अंगठा फिरवी, आपल्या वस्तूवरची धूळ पुसावी तसा. कधी ती चुकली की तारांवर टिचकी मारी. ती मात्र बोलत असे गिऱ्हाइकांविषयी, भाड्याविषयी, कोंड्याविषयी.

पुढच्या आठवड्यात बाई केस कापायला तिच्याकडेच गेल्या. खरं तर तो बहाणा होता. तिचा हात तिच्या कामात कसा वागतो ते त्यांना पाहायचं होतं.

सलून लहानसंच, दोन खुर्च्यांचं. दुसरी खुर्ची रिकामी होती. बाईंच्या गळ्याभोवती कापड बांधलं गेलं, केस ओले झाले. डाव्या हातात कात्री, उजव्यात कंगवा. आरशात मात्र सगळं उलटं दिसत होतं. आरशातली ती उजव्या हाताने कापत होती. एवढ्या सफाईने, की बाईंना क्षणभर वाटलं, ही मागे उभी आहे ती नव्हेच.

"मान जरा खाली," ती म्हणाली. कात्री कानाच्या वर आली.

तेवढ्यात कंगवा फरशीवर पडला.

बाईंनी आरशात पाहिलं. तिच्या उजव्या हाताने डावं मनगट धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, आवळलं होतं. नखं आत रुतली होती आणि कात्रीची उघडी पाती बाईंच्या कानापासून चार बोटांवर थरथरत होती. ती हात सोडवायला बघत होती आणि हात सुटत नव्हता. दोन माणसांची झटापट चालावी तसं चाललं होतं, पण माणूस एकच होतं.

"सोड गं!" बाई ओरडल्या. त्या कुणाला ओरडल्या ते त्यांनाही कळलं नाही.

हात सुटला. कात्री कापडावरून घसरून खाली गेली. मनगटावर चार लाल खुणा होत्या आणि आतल्या बाजूला अंगठ्याची एक.

ती रिकाम्या खुर्चीत बसली. त्या खुणांवरून बोट फिरवत म्हणाली, "अशीच धरायची ती."

"कोण?"

"अक्का. मी पाटीवर डाव्या हाताने लिहायला लागले, की मनगट धरायची. जेवताना धरायची. 'उजव्या हाताने. लोक काय म्हणतील?' आई नव्हती आम्हाला, तिनेच वाढवलं मला. मारलं कधी नाही हो. नुसतं धरायची, मी उजव्याने करेपर्यंत." तिने नाक पुसलं. "मी केस कापायला लागले तेव्हा कुठे सोडलं तिने. हरली ती. एवढ्या एका गोष्टीत."

"आणि तुम्ही तिचीच गिटार घेऊन तिच्याच हाताने शिकायला आलात."

"तिला बरं वाटेल म्हणून."

बाई अर्धवट कापलेल्या केसांनिशी उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "तो हात वाजवतो हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. "घरी रोजच वाजवतो. तुमच्यासमोर वाजवेल असं वाटलं नव्हतं. सुरुवातीला मला आवडायचं. सोबत वाटायची. आता तो कुलूप लावतो, भाजी चिरतो, माझा मोबाइल काढून घेतो. डाव्याला काही करूच देत नाही. आज कात्रीपर्यंत आला." मग हळूच म्हणाली, "गिटार उलटी केली तर ती जाईल का हो?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. "पण सरळ ठेवली तर तुम्ही जाल."

दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन दुकानात आली. भाऊजींनी ती टेबलावर आडवी ठेवली. वहिनींचे केस एका बाजूला लांब आणि एका बाजूला आखूड का, हे विचारण्याचा मोह त्यांनी आवरला.

"नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही," त्यांनी सांगितलं. "मानेच्या टोकाला ही पट्टी आहे बघा. तिच्या खाचा जाड तारेला रुंद, बारीक तारेला अरुंद असतात. ती नवी लागेल. आणि खालची ही पट्टी जरा तिरकी बसवलेली आहे. उलट्या तारांना ती चुकीच्या बाजूला तिरकी पडते. मग मानेवरच्या पट्ट्यांवर बोट दाबलं की सूर बेसूर होतात. आतल्या लाकडी आधारांची मांडणीसुद्धा एकसारखी नसते. करून द्या म्हणाल तर देतो, पण ही मूळची सरळ आहे. हिला सरळच राहू द्या. तुमच्यासाठी डावखुरी मागवू."

"तोडमोड नको," ती लगेच म्हणाली. "फक्त तारा सैल करा."

भाऊजींनी खुंट्या फिरवायला सुरुवात केली. तारांचा सूर खाली खाली घसरत गेला, गळा बसत जावा तसा. तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता. बोटं एकेक करून ताठ झाली. मधलं बोट लाकडावर वाजायला लागलं, आधी ठेक्यात आणि मग ठेका चुकत. बाईंनी त्या हातावर आपला हात ठेवला. तो थंडगार होता. डाव्या हाताने तिने आपल्या पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

शेवटची तार लोंबली, तेव्हा तिने उजवा हात झटकला, मुंग्या आल्यावर झटकतात तसा.

"गेली?" भाऊजींनी विचारलं. ते तारेविषयी विचारत होते.

ती रडत होती.

डावखुरी गिटार यायला वेळ लागला, कारण दुकानात तशी एकही नव्हती. आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आता सुरांच्या जागा उजव्याने दाबायच्या, ठेका डाव्याने धरायचा. समोर बसलं की बाई आणि ती आरशात पाहिल्यासारख्या दिसत. त्यामुळे दाखवणं सोपं गेलं. डाव्याने पहिल्याच दिवशी ठेका धरला. साधा, जरा घाईचा, पण तिचा स्वतःचा.

उजवा हात मात्र कोरी पाटी होता. बोटं कुठे ठेवावीत, किती दाबावं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तारा बद्द वाजत. बोटांची टोकं लाल झाली, मग सोलली. ती बोटं बाईंपुढे धरून बघत राहिली.

"एवढा कसा हो अडाणी?" ती म्हणाली. "इतकं येत होतं त्याला."

"तुमचा आहे ना, म्हणून," बाई म्हणाल्या. "त्याला शिकवावं लागेल."

तिने मान डोलावली. बोटं पुन्हा तारांवर नेली, एकेक करून, चुकीच्या जागी. बाईंनी तिचं तिसरं बोट हळूच उचललं आणि एका तारेने खाली ठेवलं. उचलताना त्या किंचित थांबल्या होत्या. हात हलका होता, जिकडे न्यावा तिकडे येत होता.

"दाबा आता," त्या म्हणाल्या.